संघांची शास्त्र-प्रश्नस्पर्धा: प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ ते १९ यांची उजळणी

(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यास)

पौलाच्या प्रवासाचे पाठ संपल्यावर उजळणीचा एक रविवार बहुतेक वर्गांत ठेवलेला असतो. त्या दिवशी बहुधा असे होते की शिक्षक प्रश्न विचारतात, पुढच्या बाकावरील दोघे तिघे हात वर करतात आणि बाकीचे ऐकून घेतात. कोणाला काय आले नाही हे शिक्षकांना शेवटपर्यंत कळत नाही. संघांची स्पर्धा ठेवली तरी तोच दोष राहू शकतो, कारण हुशार मूल ज्या संघात, तो संघ जिंकतो आणि उजळणी एकाच मुलाची होते. म्हणून प्रश्न कोणते घ्यावेत याच्या इतकाच विचार गुण कसे द्यावेत याचाही करावयास हवा. या लेखात प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ ते १९ एवढ्याच भागावर पाऊण तासाची एक स्पर्धा पूर्ण मांडली आहे. प्रश्न, उत्तरे, नियम आणि शेवटी एका सामन्याचा हिशेबही दिला आहे. शास्त्रभाग दुसरा असेल तर प्रश्न बदलावेत, नियम तेच चालतील.

पूर्वतयारी

संघ तीन करावेत व प्रत्येकात चार मुले घ्यावीत. वयाने मोठी व लहान मुले तिन्ही संघांत सारखी वाटावीत. संघांना नावे देताना एक गोष्ट पाहावी, की ती नावे या चार अध्यायांतील नसावीत. एका संघाचे नाव ‘लुदिया’ किंवा ‘अपुल्लो’ ठेवले तर ते नाव फळ्यावर पाऊण तास मुलांच्या डोळ्यांसमोर राहते आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर आयते मिळते. येथे आपण गिदोन, दबोरा आणि शमुवेल अशी जुन्या करारातील नावे घेऊ.

प्रत्येक संघाला एक पाटी व खडू द्यावा. या स्पर्धेत सर्वांत उपयोगी वस्तू पाटीच आहे. ती का, हे पुढे येईल. चार मोठी माणसे लागतात: प्रश्नकर्ता, वेळ पाहणारा, फळ्यावर गुण मांडणारा, आणि पवित्र शास्त्र उघडून बसणारा पंच. पंचाचे काम पाळकसाहेबांनी किंवा मंडळीतील एखाद्या वडिलांनी करावे, परंतु त्यांनी प्रश्न आधी पाहिलेले असावेत.

प्रत्येक प्रश्न वेगळ्या कार्डावर लिहावा. पुढच्या बाजूस प्रश्न आणि मागे तीन गोष्टी असाव्यात: उत्तर, मान्य होणारी इतर उत्तरे, आणि अध्याय व वचन. ही तिसरी नोंद कधीही गाळू नये. वाद झाला की पंचाला पान शोधत बसावे लागत नाही, आणि प्रश्न लिहिणाऱ्यालाही लिहितानाच शास्त्रभाग पुन्हा वाचावा लागतो. मान्य उत्तरांत नावांचे वेगवेगळे उच्चार धरावेत. कन्नड किंवा इंग्रजी शाळेत शिकणारी आपली मुले इफिसाला इफेसस आणि करिंथाला कॉरिंथ म्हणतील. त्यांना ते शहर ठाऊक आहे, म्हणून गुण पूर्ण द्यावेत. पाटीवर त्यांनी मराठीऐवजी दुसऱ्या लिपीत लिहिले तरी हरकत नाही.

प्रश्न तपासून घेणे

स्पर्धेत भांडण होते ते बहुधा मुलांमुळे नसते, प्रश्नामुळे असते. या चार अध्यायांत तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिले ठिकाण: “करिंथ येथील सभास्थानाचा अधिकारी कोण?” कार्डावर क्रिस्प असे उत्तर लिहिलेले असते, कारण अठराव्या अध्यायाच्या आठव्या वचनात त्याने घराण्यासह विश्वास धरल्याचे सांगितले आहे. पण त्याच अध्यायाच्या सतराव्या वचनात सोस्थनेस यालाही सभास्थानाचा अधिकारी म्हटले आहे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. प्रश्न असा हवा: “करिंथ येथील सभास्थानाच्या कोणत्या अधिकाऱ्याने घराण्यासह विश्वास धरला?”

दुसरे ठिकाण: “पौल इफिसात किती काळ राहिला?” एकोणिसाव्या अध्यायात सभास्थानातील तीन महिने आहेत आणि पुढे तुरन्नाच्या पाठशाळेतील दोन वर्षे आहेत. विसाव्या अध्यायात इफिसच्या वडिलांशी बोलताना पौल स्वतः तीन वर्षे म्हणतो. म्हणजे मूल तीन उत्तरांपैकी कोणतेही देईल आणि तिन्हींना शास्त्राचा आधार आहे. येथे “तुरन्नाच्या पाठशाळेत त्याने किती काळ वादविवाद केला?” असे नेमके विचारावे.

तिसरे ठिकाण: “तीमथ्याच्या आईचे नाव काय?” उत्तर युनीके हे खरे, पण ते तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. सोळाव्या अध्यायात ती विश्वास ठेवणारी यहूदी स्त्री होती आणि तिचा पती हेल्लेणी होता एवढेच आहे. ज्या मुलाने नेमून दिलेला भाग नीट वाचला त्याला हा प्रश्न येणार नाही, आणि ज्याने घरी इतरत्र ऐकले त्याला येईल. उजळणीत असा प्रश्न नको.

तेव्हा प्रत्येक कार्ड हातात घेऊन दोन गोष्टी पाहाव्यात. शास्त्रभागाच्या आधारे दुसरे उत्तर देता येते का? आणि उत्तर नेमलेल्या अध्यायांतच आहे का? यानंतर सर्व कार्डे एकत्र मांडून हेही पाहावे, की एका प्रश्नाच्या मजकुरात दुसऱ्याचे उत्तर उघडे पडत नाही ना. ही शेवटची तपासणी दुसऱ्या शिक्षकांकडून करवून घ्यावी, कारण लिहिणाऱ्याच्या ती चूक ध्यानात येत नाही.

पहिला विभाग: पाळीचे प्रश्न

प्रश्न नऊ, प्रत्येक संघाला तीन. ते तीनतीनच्या गटांत तयार करावेत. पहिला गट सोपा, दुसरा मध्यम, तिसरा ‘का’ असे विचारणारा. प्रत्येक गटातील तीन कार्डे पालथी ठेवून संघांनी उचलावीत, म्हणजे एकाला सोपे आणि दुसऱ्याला अवघड प्रश्न आले अशी तक्रार राहत नाही.

सोपे:
१. त्रोवस येथे पौलाला झालेल्या दृष्टांतात कोणत्या प्रांताचा मनुष्य विनंती करीत होता? (मासेदोनिया)
२. थेस्सलनीकात जमावाने कोणाच्या घरावर हल्ला केला? (यासोन)
३. इफिसातील सोनार कोणत्या देवीचे रुप्याचे देव्हारे करीत असत? (अर्तमी)

मध्यम:
४. करिंथात सभास्थानाला लागून कोणाचे घर होते, जेथे पौल गेला? (तीत युस्त, ‘युस्त’ एवढेही मान्य)
५. अथेनै येथे पौलाने आपल्या भाषणात ज्या वेदीचा उल्लेख केला, ती कोणासाठी बांधलेली होती? (अज्ञात देवासाठी)
६. इफिसात सभास्थान सोडल्यावर पौल दररोज कोणाच्या पाठशाळेत बोलत असे? (तुरन्न)

का:
७. फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याने तरवार का उपसली? (बंदिवान पळून गेले असे वाटून तो स्वतःचा घात करणार होता)
८. पौल व सीला यांना सोडताना फिलिप्पैचे अधिकारी का भ्याले? (रोमन नागरिकांना चौकशीवाचून फटके मारले होते)
९. गल्लियोने पौलावरील फिर्याद का ऐकून घेतली नाही? (तो अपराधाचा विषय नव्हता, यहूद्यांच्या नियमशास्त्रासंबंधीचा वाद होता)

संघाला आपसांत बोलण्यास तीस सेकंद. बरोबर उत्तरास दहा गुण.

आता संघाला उत्तर आले नाही तर काय करावयाचे? नेहमीची रीत अशी की प्रश्न पुढच्या संघाकडे जातो. यात एक अन्याय आहे, तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा दबोरा संघ कच्चा आहे. त्याने सोडलेला प्रत्येक प्रश्न आधी शमुवेल संघाकडे जाईल, कारण तो शेजारी बसला आहे. गिदोन संघाला तो प्रश्न शमुवेलाने सोडला तरच मिळेल. म्हणजे शमुवेलाचे जादा गुण अभ्यासाचे नसून जागेचे ठरतात.

यावर उपाय पाटीचा. प्रश्न एका संघाला विचारला की त्याच तीस सेकंदांत उरलेल्या दोन संघांनी न बोलता आपले उत्तर पाटीवर लिहून पाटी पालथी ठेवावी. ज्याची पाळी त्याचे उत्तर बरोबर आले तर त्याला दहा गुण, आणि पाट्यांना काही नाही. त्याचे उत्तर चुकले तर दोन्ही पाट्या उलटाव्यात आणि ज्यांचे बरोबर असेल त्या प्रत्येकास पाच गुण द्यावेत. यामुळे शेजारी कोण बसले आहे याला महत्त्व राहत नाही. शिवाय नऊच्या नऊ प्रश्नांवर बाराही मुले विचार करतात. उजळणी म्हणतात ती हीच.

दुसरा विभाग: चूक शोधा

‘खरे की खोटे’ हा प्रकार सोपा वाटतो, पण त्यात काही न वाचलेले मूलही नाणे उडवल्याप्रमाणे निम्मी उत्तरे बरोबर देते. त्याऐवजी चार विधाने वाचावीत आणि प्रत्येकात एक चूक आहे हे आधीच सांगून टाकावे. तिन्ही संघ एकाच वेळी पाटीवर लिहितात. चुकीचा शब्द ओळखला तर दोन गुण, आणि त्याजागी योग्य ते लिहिले तर आणखी तीन. एका विधानास एक मिनिट.

१. फिलिप्पैत शब्बाथ दिवशी पौल व त्याचे सोबती सभास्थानात गेले, तेथे त्यांना लुदिया भेटली. (सभास्थानात नव्हे, नदीकाठी)
२. करिंथात प्रभूने रात्री दर्शन देऊन पौलाला ते नगर सोडून जाण्यास सांगितले. (सोडून जाण्यास नव्हे, न भिता बोलत राहण्यास)
३. इफिसात आलेला अपुल्लो हा जन्माने तार्ससचा होता. (तार्सस नव्हे, आलेक्सांद्रिया)
४. इफिसात जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके विकून टाकली. (विकली नाहीत, सर्वांसमक्ष जाळली, त्यांची किंमत रुप्याची पन्नास हजार नाणी भरली)

चौथे विधान विशेष उपयोगाचे आहे. पुस्तकांची किंमत मुलांना पाठ असते, पण एवढी मोलाची पुस्तके त्यांनी विकली का नाहीत, असा प्रश्न त्यांना पडलेला नसतो. उत्तर दिल्यावर तो एका वाक्यात विचारावा. गुण मात्र त्यावर ठेवू नयेत.

तिसरा विभाग: क्रम लावा

प्रत्येक संघाला सहा कार्डे द्यावीत, त्यांवर शहरांची नावे असावीत: त्रोवस, फिलिप्पै, थेस्सलनीका, बिरुया, अथेनै, करिंथ. पौल दुसऱ्या प्रवासात ज्या क्रमाने या शहरी गेला त्या क्रमाने ती दोन मिनिटांत मांडावयाची. अर्थात देताना कार्डे पिसून द्यावीत. अंफिपुली व अपुल्लोनिया ही नावे मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण पौल त्यांतून केवळ पुढे गेला.

येथे गुण देण्याची नेहमीची रीत म्हणजे प्रत्येक कार्ड आपल्या जागी आहे का ते पाहणे. ती रीत वापरू नये. समजा एका संघाने असे मांडले: फिलिप्पै, थेस्सलनीका, बिरुया, अथेनै, करिंथ, त्रोवस. जागेप्रमाणे पाहिले तर सहाही कार्डे चुकीच्या जागी आहेत, म्हणजे गुण शून्य. परंतु या मुलांना पाच शहरांचा क्रम अचूक येतो! त्यांची चूक एकच आहे. विसाव्या अध्यायात पौल पुन्हा त्रोवसला जातो, तेथे युतुख खिडकीतून पडतो, ती गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली असावी.

म्हणून रीत अशी ठेवावी: उरलेली कार्डे योग्य क्रमात येईपर्यंत कमीत कमी किती कार्डे उचलावी लागतात ते पाहावे. वरच्या मांडणीत एक त्रोवस उचलले की बाकीची पाच बरोबर आहेत, म्हणजे चूक एक. गुण असे:

एकही कार्ड उचलावे लागले नाही: २०
एक उचलावे लागले: १२
दोन उचलावी लागली: ६
तीन किंवा अधिक: ०

तीन कार्डांना काही गुण का नाहीत, असे कोणी विचारील. सहा कार्डे ७२० निरनिराळ्या प्रकारांनी मांडता येतात आणि त्यांपैकी ५१३ मांडण्यांत तीन किंवा अधिक कार्डे उचलावी लागतात. डोळे मिटून मांडणाराही बहुधा तेथेच पोहोचतो, तेव्हा त्याला गुण देण्याचे कारण नाही.

पंचाने कार्डे खरोखर हाताने उचलून दाखवावीत. मुलांना आपली चूक कोठे होती ते डोळ्यांनी दिसते आणि गुणांवरून हुज्जत होत नाही.

चौथा विभाग: ओळखा पाहू

एका व्यक्तीविषयी चार खुणा एकेक करून वाचाव्यात, सर्वांत अवघड आधी. प्रत्येक खुणेनंतर वीस सेकंद थांबावे. संघाला उत्तर आले असे वाटेल तेव्हा ते पाटीवर लिहावे, शेजारी खुणेचा क्रमांक लिहावा आणि पाटी पालथी प्रश्नकर्त्याच्या मेजावर ठेवावी. एकदा ठेवलेली पाटी परत घेता येत नाही. पहिल्या खुणेवर बरोबर असेल तर वीस गुण, दुसरीवर पंधरा, तिसरीवर दहा, चौथीवर पाच. चुकल्यास शून्य.

१. मी मूळचा पंत प्रांतातील.
२. राजाच्या हुकुमामुळे मला रोम सोडावे लागले.
३. माझा आणि पौलाचा धंदा एकच होता.
४. माझ्या पत्नीचे नाव प्रिस्किल्ला.
(अक्विल्ला)

येथे पाट्या चौथ्या खुणेनंतरच उलटाव्यात. मध्येच एका संघाचे उत्तर वाचून दाखवले तर इतरांचा खेळ तेथेच संपतो. आणि अक्विल्लाचे नाव आधीच्या कोणत्याही प्रश्नात येऊ नये म्हणून राहुट्या करण्याच्या धंद्यावरील प्रश्न वर घेतलेला नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

पाचवा विभाग: घंटा

मुलांना हा विभाग सर्वांत आवडतो आणि नियम सैल असतील तर सर्वांत जास्त भांडणही येथेच होते. तिन्ही संघांना आवाजाने ओळखू येतील अशा वस्तू द्याव्यात: एकाला घंटा, एकाला टाळ, एकाला वाटी आणि चमचा. एकसारख्या तीन घंटा ठेवल्या तर पहिली कोणती वाजली हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न चार. बरोबर उत्तरास सहा गुण, चुकल्यास तीन वजा. वजाबाकी नसेल तर मुले प्रश्न पुरता ऐकण्याआधीच वाजवतात. हा आकडा ठरवण्यामागे हिशेब आहे: जो संघ अंदाजाने वाजवतो आणि तीनांत एकदाच बरोबर येतो, त्याला सहा मिळतात आणि दोनदा तीन जातात, म्हणजे पदरात काही पडत नाही. अंदाजापेक्षा अधिक ज्याला ठाऊक आहे त्यालाच फायदा होतो. पहिल्याचे उत्तर चुकले तर प्रश्न पुन्हा सबंध वाचावा आणि उरलेल्या दोघांपैकी जो आधी वाजवील त्याला संधी द्यावी. तेव्हा बरोबर असल्यास तीन गुण, चुकल्यास काही वजा नाही.

मुख्य नियम हा: एका मुलाने या विभागात एकदाच उत्तर द्यावयाचे. ज्याने वाजवले त्यानेच बोलावयाचे, संघाला विचारावयाचे नाही. म्हणजे चारही प्रश्न एकच मूल पळवू शकत नाही.

१. लुदिया कोणत्या नगराची होती? (थुवतीरा)
२. स्किवाचे पुत्र किती होते? (सात)
३. अथेनै येथे विश्वास धरलेल्या ज्या स्त्रीचे नाव दिले आहे ती कोण? (दामारी)
४. इफिसच्या नाट्यगृहात लोक सुमारे किती तास ओरडत होते? (दोन)

हरकत व बरोबरी

हरकत संघनायकानेच घ्यावयाची, आणि पुढचा प्रश्न सुरू होण्यापूर्वी. पंचाने शास्त्रभाग उघडून वचन मोठ्याने वाचावे आणि निर्णय द्यावा, तो शेवटचा. प्रश्नाचीच दोन उत्तरे निघत आहेत असे दिसले तर ते दुसरे उत्तरही मान्य करावे. प्रश्न रद्द केला तर ज्याला येत होते त्याच्यावर अन्याय होतो. प्रेक्षकांतून कोणी उत्तर पुटपुटले तर मात्र तो प्रश्न काढून दुसरा विचारावा. त्यासाठी प्रत्येक विभागाचे एक जादा कार्ड तयार असावे.

शेवटी दोन संघांचे गुण सारखे झाले तर ‘क्रम लावा’ या विभागात ज्याचे अधिक, तो पुढे. तेथेही बरोबरी असेल तर पहिला क्रमांक दोघांना द्यावा. एका घाईच्या प्रश्नावर पाऊण तासाचा निकाल लावण्यात अर्थ नाही.

एका सामन्याचा हिशेब

आता हे नियम वापरून गुण कसे मांडतात ते उदाहरणाने पाहू.

पाळीच्या प्रश्नांत गिदोन संघाकडे पहिला, चौथा व सातवा प्रश्न आला. पहिला व सातवा आले, चौथा चुकला: २० गुण. दबोराचे तिन्ही आले: ३०. शमुवेलाचा तिसरा आला, सहावा व नववा चुकले: १०. आता पाट्या पाहू. चौथ्या प्रश्नावर दबोराच्या पाटीवर ‘युस्त’ होते, शमुवेलाची कोरी होती, दबोरास ५. सहाव्यावर गिदोन व दबोरा या दोघांच्याही पाटीवर ‘तुरन्न’ होते, दोघांना ५. नवव्यावर दोन्ही पाट्या कोऱ्या. विभागाच्या शेवटी गिदोन २५, दबोरा ४०, शमुवेल १०.

चूक शोधताना गिदोनाने तीन विधाने पूर्ण सुधारली आणि एकात चूक नुसती ओळखली: १७. दबोराने दोन सुधारली, दोन ओळखली: १४. शमुवेलाने चारही सुधारली: २०. आतापर्यंत ४२, ५४ व ३०.

क्रम लावताना गिदोनाने त्रोवस शेवटी ठेवले: १२. दबोराने फिलिप्पै व थेस्सलनीका यांची अदलाबदल केली आणि बिरुया व अथेनै यांचीही. दोन कार्डे उचलावी लागली: ६. शमुवेलाचा क्रम अचूक: २०. आतापर्यंत ५४, ६० व ५०. पहिल्या विभागात तीस गुणांनी मागे पडलेला संघ दहा गुणांच्या अंतरावर आला. निरनिराळ्या प्रकारचे प्रश्न ठेवावयाचे ते याचसाठी, कारण नावे आठवणारी मुले वेगळी आणि घटनांचा क्रम डोळ्यांसमोर आणणारी वेगळी असतात.

‘ओळखा पाहू’मध्ये गिदोनाने दुसऱ्या खुणेवर ओळखले: १५. दबोराने तिसरीवर: १०. शमुवेलाने पहिल्याच खुणेवर अपुल्लो लिहून पाटी ठेवली: ०. आता ६९, ७० व ५०.

घंटेच्या विभागात पहिला प्रश्न दबोराने घेतला, दुसरा गिदोनाने, तिसरा शमुवेलाने, आणि तिघांचेही बरोबर आले. आता ७५, ७६ व ५६. चौथ्या प्रश्नाला गिदोनाच्या दुसऱ्या मुलाने घंटा वाजवली आणि ‘तीन तास’ म्हटले, तीन वजा. प्रश्न पुन्हा वाचला, शमुवेलाने बरोबर सांगितले, तीन गुण. शेवटी गिदोन ७२, दबोरा ७६, शमुवेल ५९.

स्पर्धेनंतर

गुणांची बेरीज फळ्यावरून पुसली तरी एक कागद जपून ठेवावा. गुण मांडणाऱ्याने प्रत्येक प्रश्नापुढे तिन्ही संघांच्या उत्तरांची खूण केलेली असावी: बरोबर, चूक, कोरे. वरच्या सामन्यात नवव्या प्रश्नापुढे बरोबर अशी एकही खूण नाही. तिन्ही संघांतून कोणालाही गल्लियोचा निर्णय समजलेला नाही. चौथ्या प्रश्नालाही एकच बरोबर उत्तर आहे, पण तो नुसत्या नावाचा प्रश्न आहे, त्याची काळजी नाही. नववा प्रश्न समजुतीचा आहे, तेव्हा पुढच्या रविवारचा पाठ तेथून सुरू करावा.

त्या पाठात मुलांना हे सांगता येईल. गल्लियो हा अखया प्रांताचा रोमन सुभेदार आणि सेनेका या तत्त्ववेत्त्याचा भाऊ. ग्रीसमधील डेल्फी येथे सापडलेल्या एका शिलालेखात त्याचे नाव आहे आणि त्यावरून तो साधारण इ. स. ५१-५२ च्या सुमारास त्या अधिकारावर होता असे अभ्यासक धरतात. पौलाच्या प्रवासांची सालवारी लावताना हा शिलालेख मोठा आधार ठरला आहे. गल्लियोपुढे फिर्याद आली तेव्हा पौलाने बोलण्यास तोंड उघडण्यापूर्वीच त्याने ती काढून टाकली. यात गुन्हा नाही, तुमच्या धर्मातील वाद तुम्हीच मिटवा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याने पौलाची बाजू घेतली नाही. सोस्थनेसाला त्याच्या न्यायासनापुढे मारले तेव्हाही त्याने लक्ष दिले नाही. तरी त्या बेपर्वा निर्णयामुळेच पौलाला करिंथात आणखी बरेच दिवस राहता आले. फिलिप्पैतील अधिकारी भ्याले आणि करिंथातील सुभेदार बेफिकीर राहिला. दोन्ही वेळा रोमी कायदा पौलाच्या मार्गातून दूर झाला, पण कारणे अगदी वेगळी. आठवा आणि नववा प्रश्न शेजारी ठेवून हा फरक मुलांकडूनच काढून घ्यावा.

तो पाठ झाल्यावर नववे कार्ड फेकू नये. पुढच्या उजळणीच्या गठ्ठ्यात ते सर्वांत वर ठेवावे.